विश्लेषण : ‘अँटी-स्किड’ टाइलवरूनही पाय का घसरतो?

सकाळी सहा ते नऊ या वेळेत पाच माणसांच्या आंघोळी, मग कपडे, भांडी, दुपारी मोलकरणीची बादली आणि संध्याकाळी पुन्हा हातपाय धुणे. चाळीतून फ्लॅटमध्ये आलेल्या बहुतेक मराठी घरांतली बाथरूम दिवसभरात जेमतेम दोन-तीन तास कोरडी राहते. तिथे घसरून पडलेल्या ज्येष्ठाचे खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रिया आणि पुढचे कित्येक महिने अंथरूण, असा हिशेब असतो. म्हणूनच बाथरूमचे काम काढताना ‘अँटी-स्किड टाइल टाका’ असे मिस्त्रीला बजावले जाते. तशी टाइल येते, बसतेही. वर्षभरात मात्र ती काळपट, बुळबुळीत होते, सांध्यांतली भरण खचते आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी छतावरचा ओला डाग दाखवायला वर येतात. यात टाइलचा दोष किती, तिच्या मापाचा किती आणि सांध्यात भरलेल्या पांढऱ्या सिमेंटचा किती?

‘अँटी-स्किड’ हा शब्द नेमके काय सांगतो?

फार थोडे. दुकानात ‘मॅट’, ‘रस्टिक’, ‘पंच’, ‘शुगर फिनिश’ अशा कोणत्याही न चमकणाऱ्या टाइलला सर्रास अँटी-स्किड म्हटले जाते. चमक नसणे आणि पाय न घसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओल्या फरशीवर पाय घसरतो तो तळवा आणि टाइल यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो म्हणून. त्या पाण्यात साबण मिसळला की थर अधिक निसरडा होतो. टाइलच्या पृष्ठभागावर बारीक, टोकदार कण असतील तर ते हा थर भेदून थेट कातडीला टेकतात आणि पाय रोवला जातो. नुसत्या मॅट टाइलवर असे कण असतीलच असे नाही. उलट मोठे चौकोन किंवा गोल उठाव असलेली टाइल दिसायला खडबडीत असली, तरी त्या उठावांचा माथा गुळगुळीत असेल तर साबणाच्या पाण्यात ती तितकीशी कामाची नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या नक्षीपेक्षा बोटांना जाणवणारी बारीक वाळूसारखी खरखर महत्त्वाची.

ही पकड मोजण्याच्या पद्धती आहेत. सर्वांत जास्त उल्लेख होतो तो जर्मन ‘आर’ श्रेणीचा. आर ९ पासून आर १३ पर्यंत ही श्रेणी असते आणि आकडा जितका मोठा तितकी पकड अधिक. चाचणीत टाइल लावलेल्या उतरत्या फळीवर तेल ओततात, त्यावर बूट घातलेला माणूस चालतो आणि पाय घसरेपर्यंत फळीचा कोन वाढवत नेतात. आर ९ मध्ये हा कोन ६ ते १० अंश, आर १० मध्ये १० ते १९ आणि आर ११ मध्ये १९ ते २७ अंश असतो. म्हणजे आर ९ ही या श्रेणीतली सर्वांत खालची पायरी. तरीही विक्रेता ‘आर ९ आहे, अँटी-स्किडच आहे’ असे छातीठोकपणे सांगतो, कारण ९ हा आकडा ऐकायला मोठा वाटतो.

शिवाय ही चाचणी बूट आणि तेल यांची आहे. कारखाना, गॅरेज, हॉटेलचे स्वयंपाकघर यांच्यासाठी. आपण आंघोळ करतो अनवाणी. त्यासाठी दुसरी चाचणी आहे. तीत अनवाणी माणूस साबणाचे पाणी वाहत्या फळीवर चालतो आणि निकाल ए, बी, सी अशा अक्षरांत देतात. १२ अंशांपर्यंत पाय टिकला तर ए, १८ पर्यंत टिकला तर बी, २४ पर्यंत टिकला तर सी. कपडे बदलण्याच्या कोरड्या-ओल्या खोलीला ए पुरते, शॉवरखालच्या आणि तरणतलावाच्या काठच्या जमिनीला बी लागते, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना सी. घरच्या बाथरूमसाठी विचारायचे ते हे अक्षर. बी मिळाले की पुरे. सी घेतली तर पकड आणखी वाढते, पण इतक्या खरखरीत टाइलमध्ये मळ धरतो आणि तो निघता निघत नाही. त्याचा परिणाम पुढे येईलच.

बॉक्सवर ही अक्षरे बहुधा छापलेली नसतात. नामांकित कंपन्यांच्या टाइलचे तांत्रिक माहितीपत्रक असते, ते विक्रेत्याकडून मागून घ्यावे. ते मिळत नसेल, तर आर ११ ची खात्री देणारी टाइल घेणे हा त्यातल्या त्यात बरा पर्याय.

माहितीपत्रक मिळालेच नाही तर?

मग एक नमुना टाइल घरी आणावी. बहुतेक दुकानदार देतात. तीन साध्या परीक्षा घेता येतात आणि त्यांना अर्धा तासही लागत नाही.

पहिली पकडीची. नमुना टाइल आणि शेजारी एखादी चकचकीत टाइल जमिनीवर ओल्या फडक्यावर ठेवायची, म्हणजे त्या सरकणार नाहीत. दोन्हींवर पाणी आणि शाम्पूचे चार थेंब टाकायचे. खुर्चीवर बसून अनवाणी टाच दाबून पुढे ढकलायची. चकचकीत टाइलवर टाच सहज सरकते. चांगल्या टाइलवर ती अडकत अडकत जाते. फरक जाणवायला प्रयोगशाळा लागत नाही. उभे राहून ही परीक्षा घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी साफसफाईची, आणि ही फारसे कुणी करत नाही. टाइलवर मऊ पेन्सिलने एक जाड पट्टा घासायचा, मग भांड्याच्या साबणाने आणि साध्या नायलॉन ब्रशने दहा-बारा वेळा घासून धुवायचा. पट्टा पूर्ण गेला तर ठीक. खळग्यांत काळी रेघ उरली, तर रोजचा साबणाचा मळही तिथेच उरणार.

तिसरी परीक्षा टाइलच्या पाठीवर. उलटी करून पाण्याचा एक थेंब टाकायचा. थेंब लगेच शोषला गेला तर ती भिंतीची टाइल आहे, तसाच मण्यासारखा उभा राहिला तर व्हिट्रिफाइड. या फरकाचा अर्थ पुढे.

जमिनीची आणि भिंतीची टाइल वेगळी का?

टाइल म्हणजे भाजलेली माती. ती किती तापमानाला, किती घट्ट भाजली यावर तिच्यात किती पाणी मुरते हे ठरते. व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पाणी शोषते. साधी सिरॅमिक जमिनीची टाइल साधारण ३ ते ६ टक्के. भिंतीची टाइल १० टक्क्यांहून अधिक. वरचा काचेसारखा थर तिन्हींत पाणी अडवतो, पण सांध्यातून, कापलेल्या कडेतून आणि मागच्या बाजूने पाणी शिरायचे ते शिरतेच.

भिंतीवर याने बिघडत नाही. पाणी भिंतीवरून ओघळून जाते, साचत नाही. टाइल हलकी असल्याने ती चढवायला आणि कापायला सोपी जाते. तीच टाइल ‘मॅचिंग आहे’ म्हणून जमिनीवर टाकली तर मात्र ती सतत ओली राहते, बादली आपटली की फुटते आणि तिचा वरचा थर झिजतो. भिंतीला चकचकीत टाइल चालते, किंबहुना तीच असावी. तिथे पाय ठेवायचा नसतो आणि गुळगुळीत पृष्ठभागावरचा साबणाचा ओघळ एका फडक्यात निघतो. जमिनीसाठी मॅट पृष्ठभागाची व्हिट्रिफाइड टाइल घ्यावी. दुकानात जीव्हीटी, पीजीव्हीटी, डबल चार्ज अशी नावे कानावर पडतात. त्यांतल्या पीजीव्हीटी आणि डबल चार्ज या पॉलिश केलेल्या टाइल आहेत. हॉलमध्ये आरसा वाटतात, बाथरूमच्या जमिनीला त्यांचे काम नाही.

महाराष्ट्रातल्या दुकानांत येणारा बहुतांश माल गुजरातच्या मोरबीचा असतो आणि एकाच नक्षीची टाइल वेगवेगळ्या भट्टीत वेगळ्या छटेची निघते. म्हणून सगळे बॉक्स एकाच बॅचचे आहेत का हे पाहूनच गाडीत चढवावे. नंतर आणलेला जादा बॉक्स जुळत नाही, हा अनुभव बहुतेक घरांत येतो.

माप लहान घ्यावे की मोठे?

सध्या मोठ्या टाइलची चलती आहे. दोन बाय दोन, दोन बाय चार फुटांची टाइल ‘सांधे कमी, मळ कमी’ म्हणून खपवली जाते. त्यात तथ्य आहे. चार बाय सात फुटांची बाथरूम घेतली, तर एक बाय एकच्या टाइलने जमिनीवर साधारण ४५ फूट लांबीचे सांधे होतात. दोन बाय दोनने जेमतेम १९ फूट. घासायला निम्म्याहून कमी. पण सांधा हा केवळ मळाचा साठा नसतो. तो टाइलच्या सपाट पृष्ठभागाला मध्येमध्ये तोडतो, तिथे पाणी निसटते आणि बोटांना आधार मिळतो. लहान टाइलच्या जमिनीवर पाय अधिक रोवतो, तो यामुळे.

त्याहून मोठे कारण ढाळाचे आहे. बाथरूमची जमीन सपाट नसते, ती नहाणी ट्रॅपकडे उतरती असावी लागते. सतत ओल्या जमिनीला ६० ते ८० फुटांमागे एक फूट असा उतार लागतो. सात फूट लांबीला १:८० प्रमाणे सुमारे २७ मिलिमीटर, म्हणजे इंचभराहून थोडा जास्त. ट्रॅप एका कोपऱ्यात असेल, तर सगळी जमीन एकाच बाजूला कलते आणि मोठी टाइलही त्यावर नीट बसते. ट्रॅप मध्ये किंवा भिंतीच्या मध्यावर असेल, तर जमीन तीन-चार बाजूंनी त्याच्याकडे उतरावी लागते. मोठी टाइल वाकत नाही. मग मिस्त्री एकतर ती कर्णावर कापतो, नाहीतर ढाळच कमी करतो. दुसरेच जास्त होते, कारण ते सोपे असते. कमी ढाळाच्या जमिनीवर पाणी साचते, त्यात साबण वाळतो आणि आर ११ ची टाइलही महिनाभरात बुळबुळीत होते. मापाचा निर्णय टाइलच्या दुकानात नव्हे, तर ट्रॅपची जागा पाहून घ्यायचा असतो. लहान बाथरूमसाठी, विशेषतः जुन्या इमारतीत, एक बाय एक फूट हे माप अजूनही सर्वांत निर्धोक आहे, मग ते कितीही जुन्या वळणाचे वाटो.

भिंतीला हा प्रश्न नाही. तिथे अडचण येते ती भिंतीच्या सरळपणाची. जुन्या फ्लॅटची भिंत ओळंब्यात क्वचितच असते. दोन बाय चारची टाइल अशा भिंतीवर लावली की एक कोपरा वर येतो, दुसरा आत जातो. एक बाय दोन (३०० बाय ६०० मिमी) हे माप इथे बरे पडते. आणखी एक बारकावा असा, की लांबट टाइल भट्टीतून निघताना मध्ये किंचित फुगीर असते. विटांच्या बांधकामासारखा अर्ध्यावर सांधा घेतला, तर एका टाइलचा फुगीर मध्य दुसरीच्या बसक्या टोकाशेजारी येतो आणि कड हाताला लागते. भिंतीवर सांधे सरळ एकाखाली एक घेतले की ही कटकट राहत नाही.

चार बाय सातच्या बाथरूमचा हिशेब कसा मांडायचा?

समजा, जुन्या सोसायटीतली ४ बाय ७ फुटांची बाथरूम आहे. कमोड, नळ आणि बादली एकाच खोलीत, ट्रॅप नळाखालच्या कोपऱ्यात, दार अडीच बाय सात फुटांचे, टाइल दाराच्या उंचीपर्यंत म्हणजे सात फूट लावायची आहे. घरात एक ज्येष्ठ व्यक्ती, आंघोळ बादली-तांब्याने.

जमीन २८ चौरस फूट. एक बाय एकच्या २८ टाइल, ट्रॅप आणि कमोडभोवतीच्या कापणीसाठी १० टक्के म्हणजे ३, आणि पुढे कधी पाइप दुरुस्तीसाठी फोडावे लागले तर हाताशी असाव्यात म्हणून ४. अशा ३५ टाइल.

भिंतींचा परिघ २२ फूट, उंची ७, म्हणजे १५४ चौरस फूट. दाराचे साडेसतरा वजा केले की १३६.५ उरतात. एक बाय दोनची टाइल दोन चौरस फूट भरते, म्हणून ६९ टाइल. १० टक्के कापणी धरून ७६. आडवी लावली तर सात फुटांत बरोबर सात ओळी बसतात, चार फुटांच्या भिंतीवर दोन टाइल, सात फुटांच्या भिंतीवर साडेतीन. बारा बाय अठरा इंचाची टाइल घेतली, तर चार फुटांच्या भिंतीवर दोन पूर्ण आणि एक दोन-तृतीयांश तुकडा असे होते, कापणी वाढते. शिवाय एक बाय एकची जमीन आणि एक बाय दोनची भिंत यांचे सांधे एका रेषेत येतात. हे दिसायला चांगले, आणि मिस्त्री तिरका गेला तर पहिल्याच दिवशी कळते, हा त्याचा खरा फायदा.

लावताना भिंतीची सर्वांत खालची ओळ शेवटी बसवावी. आधी भिंत दुसऱ्या ओळीपासून वर, मग जमीन, मग खालची ओळ जमिनीच्या टाइलवर टेकवून. असे केले की भिंतीवरून उतरलेले पाणी जमिनीवर पडते, सांध्यात नाही. बऱ्याच ठिकाणी उलटे केलेले असते आणि पहिली ओल नेमकी त्याच रेषेत दिसते.

टाइलच्या पाठीवर चार कोपऱ्यांत सिमेंटचे चार गोळे ठेवून ती भिंतीवर दाबायची, ही सवयही मोडायला हवी. मधल्या पोकळीत पाणी साचते. त्यातही व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नसल्याने नुसत्या सिमेंटच्या घोळाला ती घट्ट धरत नाही, तिला पॉलिमरयुक्त टाइल अ‍ॅडेसिव्ह लागते. काम झाल्यावर नाण्याने किंवा लाकडी दांड्याने प्रत्येक टाइलवर टकटक करावी. जिथे आवाज पोकळ येतो ती टाइल तेव्हाच काढायला लावावी, पैसे चुकते करण्याच्या आधी.

सांधा ठेवायचा की ‘पेपर जॉइंट’?

टाइलला टाइल भिडवून, कागदाएवढी फट ठेवून लावण्याला मिस्त्री ‘पेपर जॉइंट’ म्हणतात. ग्राहकालाही तो स्वच्छ वाटतो. ओल्या बाथरूमसाठी ही सर्वांत वाईट निवड. कागदाएवढ्या फटीत भरण आत जातच नाही, वरवर एक पापुद्रा बसतो. काही आठवड्यांत तो निघतो आणि उघडी फट केशाकर्षणाने पाणी आत ओढते. जमिनीला ३ मिमीचा स्पेसर आग्रहाने लावून घ्यावा. कडा मशिनने सरळ कापलेल्या टाइलला २ मिमी चालतात. पण जमीन-भिंतीच्या रेषा जुळवायच्या असतील तर दोन्हीकडे ३ मिमीच ठेवावेत, नाहीतर सात फुटांत रेषा बोटभर सरकते.

पांढरे सिमेंट, सिमेंट ग्राउट की इपॉक्सी?

टाइल कितीही चांगली असली, तरी ओली बाथरूम बिघडायला सुरुवात होते ती बहुधा इथून. तिचा क्रम ठरलेला असतो. महाराष्ट्रात अनेक सोसायट्यांना बोअरवेलचे जड पाणी येते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. हा साका खरखरीत टाइलच्या खळग्यांत आणि सांध्यांत बसतो. नुसत्या पाण्याने तो जात नाही, टाइल काळपट आणि निसरडी होते. घरातली व्यक्ती वैतागून अ‍ॅसिड ओतते. साका जातो, जमीन लखलखीत होते. पण अ‍ॅसिड सिमेंटही खाते. सांध्यातले पांढरे सिमेंट दर वेळी थोडे थोडे विरघळते, खचते, त्यातून पाणी खाली झिरपते. अशा रीतीने घसरू नये म्हणून घेतलेली टाइल सफाईच्या मार्गाने गळतीपर्यंत पोहोचते.

पांढरे सिमेंट या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा. ते वाळताना आकसते, चिरते आणि सच्छिद्र असते. पिशवीत मिळणारे पॉलिमरयुक्त सिमेंट ग्राउट त्याहून चांगले, पण मुळात सिमेंटच. अ‍ॅसिडपुढे तेही टिकत नाही. इपॉक्सी ग्राउट म्हणजे राळ आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारे प्लास्टिकसारखे द्रव्य, ज्यात रंगीत भुकटी असते. आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत चार तास पाण्याशी संपर्क आल्यावर इपॉक्सी प्रकारच्या ग्राउटने ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त पाणी शोषता कामा नये, तर साध्या सिमेंट ग्राउटला १० ग्रॅमपर्यंत मुभा आहे. फरक शंभरपटीचा. घरगुती सफाईच्या सौम्य आम्लांचाही त्याच्यावर सहसा परिणाम होत नाही.

किंमत मात्र कित्येक पट आहे. म्हणून हिशेब करून वापरावे. वरच्या उदाहरणात टाइलची जाडी ९ मिमी आणि सांधा ३ मिमी धरला, तर जमिनीला सुमारे पाऊण किलो आणि सर्व भिंतींना पावणेतीन किलो ग्राउट लागते. बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात पाणी उडते ते साधारण तीन फुटांपर्यंत. तेव्हा जमीन आणि भिंतीच्या खालच्या तीन ओळी इपॉक्सीने भराव्यात, वर त्याच रंगाचे पॉलिमरयुक्त सिमेंट ग्राउट चालते. तेवढ्याला इपॉक्सी दोन किलोच्या आत लागते, वाया जाणारे धरून अडीच किलो आणावे. शॉवर असेल तर त्या भिंतीला वरपर्यंत. रंग मधला करडा घ्यावा. पांढरे इपॉक्सी काळाने पिवळट पडते आणि पांढऱ्या सांध्यावर बोअरवेलच्या पाण्याचा तांबूस डाग लगेच दिसतो.

इपॉक्सी भरूनही काम का बिघडते?

तीन कारणे वारंवार दिसतात. पहिले मिश्रणाचे. राळ आणि हार्डनर यांचे वजनी प्रमाण डब्यावर ठरलेले असते. थोडेसेच हवे म्हणून अंदाजाने अर्धे-अर्धे काढले, तर ग्राउट दिवसेंदिवस चिकट राहते, कधीच कडक होत नाही. मिस्त्रीला सिमेंटमध्ये ‘अजून थोडे पाणी’ घालायची सवय असते, इथे ती चालत नाही. वजनकाटा ठेवावा किंवा पूर्ण डबा एकदम मिसळावा.

दुसरे ओलीचे. टाइलखालचे सिमेंट ओले असताना इपॉक्सी भरले की ते कडेला नीट चिकटत नाही. अ‍ॅडेसिव्हवर बसवलेल्या टाइलला एक दिवस पुरतो, सिमेंटच्या जाड थरावर बसवलेल्या जमिनीला किमान आठवडाभर वाळू द्यावे. सांधा किमान दोन-तृतीयांश खोल मोकळा करून, आतली माती ब्रशने काढून मगच भरावा.

तिसरे कारण अँटी-स्किड टाइललाच खास चिकटलेले. इपॉक्सी भरताना त्याचा पातळ थर टाइलवरही पसरतो. गुळगुळीत टाइलवरून तो ओल्या स्पंजने निघतो; खरखरीत टाइलच्या खळग्यांत अडकून बसतो आणि कडक झाला की कायमचा धुरकट पापुद्रा राहतो. या पापुद्र्याने टाइलची पकडही कमी होते, म्हणजे ज्यासाठी जादा पैसे मोजले तेच झाकले जाते. मिसळलेले इपॉक्सी साधारण पाऊण ते एक तास हाताळता येते, एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याहूनही कमी. म्हणून दोन-तीन चौरस फूट भरायचे, तेवढे लगेच ओल्या स्क्रबरने आणि स्पंजने दोनदा स्वच्छ करायचे, मग पुढे सरकायचे. संपूर्ण जमीन भरून मग पुसायला बसणारा मिस्त्री असेल, तर त्याला तिथेच थांबवावे. भरल्यावर एक दिवस पाय ठेवू नये. पाणी आणि साबणाचा नेहमीचा वापर कंपनीने सांगितलेल्या मुदतीनंतर, साधारण आठवड्याने.

जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात मात्र कोणतेच ग्राउट भरू नये. इमारत थोडी हलते, जमीन आणि भिंत वेगवेगळ्या गतीने आकसतात, आणि कडक भरण तिथे चिरते. या २२ फुटांच्या रेषेत आणि कमोडभोवती बुरशीरोधक सिलिकॉन सीलंट घालावे. ते लवचीक असते आणि काही वर्षांनी सुरीने काढून बदलता येते.

इपॉक्सीने गळती थांबते का?

नाही, आणि हा गैरसमज महाग पडतो. ग्राउट पाणी कमी मुरवते. पाणी अडवण्याचे काम टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगचे. तो थर झाल्यावर, टाइल बसण्याआधी ट्रॅप बंद करून किमान २४ तास पाणी साठवून ठेवावे आणि खालच्या घरात जाऊन छत पाहावे. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवले तर तोही लक्ष ठेवतो. खालून ओल आली असताना वरून नुसते सांधे पुन्हा भरून घेतले, तर काही महिने बरे वाटते. टाइल वाजवल्यावर सांध्याशेजारी पोकळ आवाज येत असेल, तर तेवढ्या खर्चाचाही उपयोग नाही. खालचा थर उघडावाच लागतो.

बसवल्यानंतर पकड टिकवायची कशी?

साका वाळू न देणे हाच मार्ग. शेवटच्या आंघोळीनंतर दोन तांबे पाणी आणि वायपर फिरवला, की बराचसा साबण ट्रॅपमध्ये जातो. आठवड्यातून दोनदा कपड्यांची पावडर कोमट पाण्यात विरघळवून नायलॉन ब्रशने घासावे. साध्या फडक्याने खळग्यांतला साका निघत नाही, त्याला ब्रशच लागतो. क्षारांचे पांढरे डाग लिंबूसत्त्वाच्या पातळ पाण्याने जातात. सांध्यांत सिमेंट ग्राउट असेल, तर आधी सांधे पाण्याने भिजवून घ्यावेत, म्हणजे ते आम्ल कमी शोषतात, आणि पाच मिनिटांत भरपूर पाण्याने धुवावे. सुटे अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र कधीही ओतू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद बाथरूममध्ये घातक ठरतो.

एक प्रसंग असा, की ज्यापुढे बी श्रेणीचीही खात्री नाही. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला अंगभर तेल, वर उटणे आणि घरातली सगळी माणसे ओळीने. ए-बी-सीची चाचणी साबणाच्या पाण्यावर झालेली असते, तिळाच्या तेलावर नव्हे. त्या दिवशी दोन आंघोळींच्या मध्ये जमिनीवर पावडर टाकून ब्रश मारावा आणि ज्येष्ठांची आंघोळ पहिली उरकावी. कमोडशेजारी आणि नळाशेजारी धरायला स्टीलचा दांडा लावायचा असेल, तर त्याचे बोल्ट विटेत किंवा काँक्रिटमध्ये खोल जायला हवेत. म्हणून त्याची जागा भिंतीच्या टाइल बसण्याआधीच खडूने आखून ठेवावी, आणि बोल्टच्या भोकात बसवताना सिलिकॉन भरावे.